'घर पेटलं' आणि 'घरात आग लागली'

कुरआनच्या एकविसाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, इब्राहीम यांची गोष्ट येते. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतले अब्राहम ते हेच. समाजातले लोक पाठ फिरवून गेल्यावर त्यांनी मूर्ती फोडल्या आणि सगळ्यांत मोठी तेवढी शाबूत ठेवली. लोक परतले, इब्राहीमना सगळ्यांसमोर उभं केलं गेलं आणि हे त्यांनी केलं का, असं विचारलं गेलं.

अरबीत हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. प्रश्न दाखवणाऱ्या अक्षरानंतर लगेच क्रियापद घालता येतं किंवा 'तू' हे सर्वनाम आधी आणून क्रियापद मागे ठेवता येतं. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात. कुरआनमध्ये 'तू' आधी आहे.

अकराव्या शतकात कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला, जुर्जान नावाच्या शहरात, अब्दुल काहिर अल्-जुर्जानी नावाचे एक व्याकरणाचे शिक्षक राहत होते. या एवढ्याशा शब्दक्रमावर ते थांबले. त्यांचं म्हणणं असं, की प्रश्नाच्या अक्षराला जे चिकटून येतं, शंका त्याच्याबद्दल असते. क्रियापद चिकटून आलं, तर ते काम झालं की नाही हेच विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. 'तू' चिकटून आलं, तर काम झालेलं आहे हे पक्कं असतं आणि कोणी केलं एवढंच विचारायचं असतं. घराचं उदाहरण त्यांनीच दिलं आहे. बांधायचं मनात होतं ते घर बांधलंस का, असं विचारताना क्रियापद आधी हवं. घर डोळ्यांसमोर उभं असेल आणि हे तू बांधलंस का, असं विचारायचं असेल, तर 'तू' आधी हवा. यांची अदलाबदल केली तर वाक्य बिघडतं. उभ्या घराकडे बोट दाखवून ते बांधलं गेलं का, असं कोणी विचारत नाही.

इब्राहीमसमोर उभ्या असलेल्या लोकांच्या पायाशी मूर्तींचे तुकडे पडले होते. मोडतोड झाली याबद्दल कोणालाच शंका नव्हती. म्हणून प्रश्न 'तू'पासूनच सुरू व्हायला हवा होता. जुर्जानी पुढे उत्तराकडेही लक्ष वेधतात. इब्राहीम उलट त्या मोठ्या मूर्तीकडे बोट दाखवतात, म्हणजे कर्त्याचं नाव सांगतात. प्रश्न कृतीबद्दल असता, तर उत्तर 'केलं' किंवा 'नाही केलं' असं आलं असतं. प्रश्न आणि उत्तर एकमेकांत असे बसलेले आहेत.

एवढ्या बारकाईने एक वाक्य का वाचायचं? कारण जुर्जानींना एक फार मोठी गोष्ट सिद्ध करायची होती. कुरआनसारखी रचना माणसाच्या हातून होणं शक्य नाही, हा मुस्लिमांचा विश्वास आहे. त्याला 'इजाझ' म्हणतात, म्हणजे समोरच्याला हतबल करून सोडणं. हा विश्वास जवळजवळ सर्वांचा होता. पण ती अशक्यता नेमकी कशात आहे, यावर सुमारे तीनशे वर्षं मोठमोठे विद्वान एकमेकांशी भांडले. मला त्या भांडणात अधिक रस आहे, कारण भाषा कशी काम करते याचा जो अभ्यास त्यातून उभा राहिला, तो कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या वाचकाच्या उपयोगाचा आहे.

वादाची सुरुवात कुरआनमधल्याच आव्हानापासून होते. पैगंबर मुहंमद हे शब्द स्वतः रचतात, असं मक्केतले विरोधक म्हणत. त्यावर कुरआनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी उत्तर आलं आहे. एके ठिकाणी म्हटलं आहे की अशा दहा सूरा रचून आणा. दुसरीकडे आव्हान एकाच सूरेवर येतं. सतराव्या सूरेत तर सगळी माणसं आणि जिन्न एकत्र आले तरी हे जमणार नाही, असं सांगितलं आहे. सगळ्यांत छोटी सूरा, अल्-कौसर, फक्त तीन आयतींची आहे. म्हणजे मागणी अवघ्या दोन-तीन ओळींची होती.

हे आव्हान कोणाला दिलं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. अरब टोळ्यांत कवीला सरदाराइतका मान होता. उकाझच्या बाजारात कवींचे सामने होत आणि एका चांगल्या निंदाकवितेने अख्ख्या टोळीची अब्रू जाई. बसऱ्याचे प्रसिद्ध लेखक अल्-जाहिझ यांनी नवव्या शतकात यावरून असा युक्तिवाद केला, की प्रत्येक प्रेषिताला त्याच्या काळात जी विद्या शिखरावर होती तिच्यातलाच चमत्कार दिला गेला. मूसांच्या काळी जादू, ईसांच्या काळी वैद्यक आणि मुहंमदांच्या काळी वक्तृत्व. ज्या लोकांचं सगळं भांडवल भाषा हेच होतं, त्यांना भाषेतच आव्हान दिलं गेलं. त्यांनी ते स्वीकारलं नाही. त्याऐवजी तलवारी काढल्या, बद्र आणि उहुदला आपली माणसं गमावली. तीन ओळी रचून वाद मिटवता आला असता, तर शहाण्या माणसांनी युद्धाचा मार्ग का धरला असता?

हा युक्तिवाद इतिहासावर उभा आहे आणि अजूनही तोच सर्वांत जास्त सांगितला जातो. पण तो एक प्रश्न तसाच सोडतो. त्यांना जमलं नाही हे मानलं, तरी का जमलं नाही?

पहिलं धीट उत्तर जाहिझ यांचे गुरू अन्-नझ्झाम यांच्या नावावर आहे. बुद्धीला प्रमाण मानणाऱ्या मुअतझिला पंथाचे ते मोठे विचारवंत होते. त्यांनी सांगितलं, की मुळात अरबांना असं काही रचणं अशक्य नव्हतं. पण त्यांनी तसा प्रयत्न करू नये म्हणून ईश्वराने त्यांना परावृत्त केलं. या मताला 'सर्फा', म्हणजे वळवणं, असं नाव पडलं. म्हणजे चमत्कार ग्रंथाच्या भाषेत नाही, लोकांची क्षमता रोखण्यात आहे. नझ्झाम यांना कुरआनची थोरवी अमान्य नव्हती. त्यात अज्ञाताच्या वार्ता आहेत, हा चमत्कार ते मानतच होते. सर्फाचं मत पुढे कोणी फेटाळूनच लावलं असंही नाही. बगदादचे शिया विद्वान शरीफ अल्-मुर्तझा आणि अंदलुसियाचे इब्न हझम, असे दोन वेगळ्या टोकांचे लोक अकराव्या शतकातही त्याच्या बाजूचे होते.

त्याविरुद्धची दोन उत्तरं मला चोख वाटतात. एक बगदादचे काझी अल्-बाकिल्लानी यांचं आहे. ते म्हणतात, बंदी आव्हानानंतर आली असेल, तर आव्हानाच्या आधीच्या अरबांवर ती नव्हती. मग त्यांच्या कवितांत आणि भाषणांत कुरआनच्या तोडीचं काहीतरी सापडायला हवं. ते दाखवा. दुसरं उत्तर खुद्द जुर्जानींचं आहे आणि ते मनुष्यस्वभावाला धरून आहे. कालपर्यंत जे सहज जमत होतं ते आज जमेनासं झालं, तर माणूस स्वतःबद्दल आश्चर्य करतो. 'मला काय झालंय?' असं म्हणतो. अरबांनी तसं म्हटल्याचं कुठेच दिसत नाही. परंपरेत त्यांच्या ज्या प्रतिक्रिया नोंदल्या आहेत, त्या सगळ्या ऐकलेल्या मजकुराबद्दल आहेत.

तेव्हा शोध मजकुरातच घ्यायला हवा, हे ठरलं. पण मजकुरात कुठे? दहाव्या शतकातले अर्-रुम्मानी याचं एक उत्तर देतात, आणि त्यांची पद्धत एका उदाहरणात दिसते. अरबांत एक म्हण होती. खून टाळण्याचा उत्तम उपाय खूनच, असा तिचा आशय. दुसऱ्या सूरेत कुरआन खुनाच्या न्याय्य बदल्यात जीवन आहे, असं सांगतो. रुम्मानींनी दोन्ही समोरासमोर ठेवून अक्षरं मोजली. म्हणीची चौदा, कुरआनमधल्या तेवढ्याच आशयाच्या भागाची दहा. म्हणीत 'खून' दोनदा येतो, कुरआनात शब्दाची पुनरुक्ती नाही. म्हण फक्त खुनाबद्दल बोलते, कुरआन त्यातून साधायचं ते, म्हणजे जीवन, बोलून दाखवतो आणि न्यायाची अटही घालतो. शिवाय उच्चारात अक्षरांची जुळणीही अधिक सुखद आहे.

हे वाचताना पटतं. पण यावरून कुरआन सरस ठरतो, अजोड ठरत नाही. दहा अक्षरांत तोच आशय मांडणारा एखादा कुशल माणूस उद्या निघाला तर? बाकिल्लानींना हा धोका दिसला होता. उपमा, रूपक, यमक, अनुप्रास हे सगळे अलंकार सरावाने शिकता येतात, आणि जे शिकता येतं त्यात चमत्कार असू शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांचं हे निरीक्षण मोलाचं आहे. मात्र पुढे त्यांनी जो मार्ग धरला तो मला तितकासा पटत नाही. त्यांनी अरबी काव्याचा मुकुटमणी मानलेल्या इम्रुउल कैसच्या प्रसिद्ध कसीद्याची ओळ न् ओळ घेऊन दोष काढले. सुरुवातीलाच कवी ठिकाणांची चार नावं लागोपाठ का घेतो, एकाने भागलं नसतं का, अशा तऱ्हेने. त्यांचे काही आक्षेप मार्मिक आहेत, काही निव्वळ वकिली. वाळवंटातल्या प्रेयसीच्या आठवणीत गावांची नावं का यावीत, हे विचारणारा टीकाकार त्या कवितेपासून फार दूर उभा आहे. आणि शेवटी, एका कवितेत शंभर दोष निघाले तरी दुसरी रचना दिव्य आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

जुर्जानी यांनी आपल्या 'दलाइल अल्-इजाझ' या ग्रंथात वादाची दिशाच बदलली. त्यांचा राग दोन तऱ्हेच्या लोकांवर होता. एक, सौंदर्य सुट्या शब्दांत आहे असं मानणारे. दुसरे, ते जाणवतं पण सांगता येत नाही, असं म्हणून विषय संपवणारे. दुसऱ्यांना त्यांनी बजावलं, की एखादी रचना श्रेष्ठ म्हणत असाल तर नेमक्या कोणत्या जागी, कशामुळे, हे बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

पहिल्यांसाठी त्यांनी नूह यांच्या, म्हणजे बायबलमधल्या नोहाच्या, महापुराची आयत घेतली. ती अकराव्या सूरेत आहे. पूर थांबण्याचा प्रसंग. पृथ्वीला आपलं पाणी गिळून टाकण्याची आज्ञा होते, आकाशाला थांबण्याची. पाणी आटवलं जातं, काम पूर्ण होतं, नौका जूदी पर्वतावर स्थिरावते आणि अत्याचारी लोकांना दूर लोटणारे शब्द उच्चारले जातात. हे सगळं एका आयतीत येतं. जुर्जानी वाचकाला सांगतात, यातला कोणताही एक शब्द उचला, समजा 'गिळ', आणि आजूबाजूचं काही न बघता तो एकटाच पाहा. त्या एकट्या शब्दात काही विशेष दिसतं का? नाही दिसत. रोजच्या बोलण्यातला शब्द आहे तो.

मग ते एकेक सांधा दाखवत जातात. आधी पृथ्वीला हाक मारली जाते, मग आज्ञा होते. निर्जीव भूमीला हाक मारणं हेच तिच्यावरच्या अधिकाराचं चिन्ह आहे. नुसतं 'पाणी' न म्हणता 'तुझं पाणी' म्हटलं आहे. त्याच चालीने आकाशाला हाक आणि त्याला शोभणारी आज्ञा. त्यानंतर वाक्य एकदम कर्मणी होतं. पाणी आटलं, असं नसून आटवलं गेलं. पाणी आपसूक ओसरलं नाही, कोणाच्या तरी हुकमाने ओसरलं, हे कर्त्याचं नाव न घेता समजतं. पुढचं वाक्यही कर्मणीच, आणि त्याने हुकूम पार पडला हे पक्कं होतं. मग नौका स्थिरावते, पण 'नौका' हा शब्द येतच नाही, केवळ क्रियापदातून ती कळते, कारण एवढा वेळ ऐकणाऱ्याच्या मनात तीच तरंगत असते. शेवटच्या वाक्यात 'म्हटलं गेलं' हे क्रियापद येतं, आणि आयतीची सुरुवातही त्याच क्रियापदाने झालेली असते. कोण म्हणालं हे दोन्हीकडे सांगितलेलं नाही, सांगायची गरजच नाही.

इथे एकही दुर्मीळ शब्द नाही. जे आहे ते शब्दांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे. या नात्याला जुर्जानींनी 'नज्म' म्हटलं, म्हणजे मोती ओवावेत तशी गुंफण. हा शब्द त्यांच्याआधीही वापरात होता. दहाव्या शतकातच अल्-खत्ताबी यांनी शब्द, अर्थ आणि त्या दोघांना बांधणारा दुवा असे तीन घटक सांगितले होते, आणि काझी अब्दुल जब्बार यांनीही सौष्ठव सुट्या शब्दात नसून शब्द एकत्र येण्यात असतं असं म्हटलं होतं. जुर्जानींनी त्यात घातलेली भर अशी, की ही गुंफण म्हणजे व्याकरणातल्या अर्थांची निवड. कर्ता आधी की क्रियापद, नाम निश्चित की अनिश्चित, कर्तरी की कर्मणी, काही गाळलं की ठेवलं, दोन वाक्यं 'आणि'ने जोडली की सुटी ठेवली. यातल्या प्रत्येक निवडीने अर्थ थोडा बदलतो. तोच अर्थ दोन तऱ्हांनी सांगितला, असं खऱ्या अर्थाने कधी होतच नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलं असतं तर त्यात जोर आला नसता. जोर येतो तो त्यांच्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणामुळे. एकोणिसाव्या सूरेत वृद्ध झकरिया प्रार्थना करतात. हाडं खिळखिळी झाली आहेत, असं सांगून ते केस पांढरे झाल्याचं सांगतात. पिकलेपण आगीसारखं पसरल्याचं रूपक त्यात आहे. जुर्जानींच्या काळापर्यंत जो तो या रूपकाचं कौतुक करत होता. जुर्जानी म्हणाले, रूपक छान आहे, पण कौतुक चुकीच्या जागी चाललं आहे.

वाक्यात मुख्य शब्द तीन आहेत: पेटणं, डोकं आणि पिकलेपण. अर्थाने पाहिलं तर पेटलं आहे ते पिकलेपण. सरळ रचना केली असती तर 'डोक्यात पिकलेपण पेटलं' किंवा 'डोक्याचं पिकलेपण पेटलं' असं झालं असतं. कुरआनमध्ये क्रियापदाचा कर्ता 'डोकं' आहे. पेटलं आहे ते डोकं, आणि कशाने, तर पिकलेपणाने, असं मागाहून कळतं. रूपक दोन्हीकडे तेच आहे, शब्द तेच आहेत. तरी पहिल्या रचनेत जीव नाही. का?

त्याचं कारण जुर्जानींनी घराच्या आगीवरून समजावून दिलं, आणि मराठीत ते जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. 'घरात आग लागली' म्हटलं की आग घराच्या एखाद्या कोपऱ्यात असू शकते. स्वयंपाकघरात असेल, माळ्यावर असेल, कदाचित विझलीही असेल. 'घर पेटलं' म्हटलं की एकही कोपरा उरत नाही, चारी बाजूंनी आगीने ताबा घेतलेला असतो. दोन्ही वाक्यांत रूपक नावालाही नाही, तरी अर्थाचा एवढा फरक पडतो. हा फरक कोणी पाडला? कर्त्याच्या जागी कोणाला बसवलं, त्याने. झकरियांच्या डोक्यावर काळा केस जवळजवळ उरलेला नाही, हे वाक्यात कुठेही न लिहिता वाक्याच्या बांधणीतून कळतं. याच चालीचं दुसरं उदाहरण ते देतात, तेही नूहच्याच गोष्टीतलं. जमिनीतून झरे फोडले, असं न म्हणता पृथ्वीलाच झऱ्यांच्या रूपाने फोडलं, असं तिथे म्हटलं आहे. कुठे कुठे झरे फुटले, हे विचारायला जागाच राहत नाही.

आणखी एक बारकावा आहे. झकरिया 'माझं डोकं' म्हणत नाहीत, निश्चित नाम वापरून नुसतं 'ते डोकं' म्हणतात. आधीच्या वाक्यात हाडांच्या बाबतीत आपलेपणा आलेला आहे, त्यामुळे कोणाचं डोकं हे सांगावं लागत नाही. 'माझं' घातलं असतं तरी अर्थ चुकला नसता, पण काहीतरी उणावलं असतं, असं जुर्जानी म्हणतात.

यामागे धर्मशास्त्राचाही एक पेच आहे. मुअतझिला कुरआनला निर्मित मानत, तर जुर्जानी ज्या अशअरी परंपरेतले होते ती ईश्वराची वाणी अनादि मानते. ध्वनी आणि अक्षरं तर काळात घडतात. मग अनादि काय? अशअरींचं उत्तर असं, की खरी वाणी म्हणजे अंतरंगातला अर्थ, शब्द हे त्याचं बाहेर उमटलेलं रूप. रचनेचं सौंदर्य आवाजात नसून अर्थांच्या मांडणीत आहे, या मताला त्यामुळे वजन येतं. शब्द जिभेवर येण्याआधी अर्थ मनात ओळीने लागतात आणि शब्द त्यांच्यामागे येतात, असं जुर्जानी पुन्हा पुन्हा का सांगतात, हे इथे कळतं. तरीही त्यांचं वाक्यविश्लेषण पटण्यासाठी हे धर्मशास्त्र मान्य असण्याची गरज नाही.

मग इजाझ सिद्ध झाला का? माझ्या मते, जुर्जानींच्या पद्धतीने रचनेचं श्रेष्ठत्व दाखवता येतं, ते अगदी बोट ठेवून दाखवता येतं. श्रेष्ठत्वापासून अशक्यतेपर्यंतचा टप्पा मात्र वेगळा आहे. 'दलाइल'मध्ये कुरआनइतकीच, किंबहुना त्याहून जास्त उदाहरणं कवितेतली आहेत. अल्-बुह्तुरी, अल्-मुतनब्बी यांच्या ओळी त्यात जागोजाग भेटतात, आणि ज्या अवजाराने आयत उलगडते त्याच अवजाराने कविताही उलगडते. म्हणजे फरक जातीचा न राहता पायरीचा होतो. जुर्जानींना हे ठाऊक होतं. गुंफणीच्या पायऱ्या चढत चढत अशा उंचीला पोहोचतात की तिथे माणसाची ताकद संपते, असं त्यांचं म्हणणं आहे. ती रेषा कुठे आहे हे व्याकरण सांगू शकत नाही. म्हणून 'अर्-रिसाला अश्-शाफिया' या छोट्या ग्रंथात ते पुन्हा जाहिझ यांच्या जुन्या युक्तिवादाकडे वळतात: ज्यांना ही पारख सर्वांत चांगली होती त्या अरबांचं वागणं आणि बोलणं पाहा.

दुसरी मर्यादा त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. ज्याला वाक्यांमधला फरक जाणवतच नाही, ज्याच्याजवळ रुची नाही, त्याला हे कोणत्याही पुराव्याने पटवता येत नाही. असं कबूल करणारा विद्वान मला विश्वासार्ह वाटतो. पण विरोधकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. आवड-निवड हा पुरावा कसा होईल, हा प्रश्न मध्ययुगातल्या संशयवाद्यांनीही विचारला आणि आजही विचारला जातो. अबुल अला अल्-मअर्री या अंध सीरियन कवीच्या एका गद्यग्रंथावर तर कुरआनची बरोबरी करायला निघाल्याचा आरोप झाला. त्याचा तो हेतू होता का, यावर अभ्यासक एकमत नाहीत.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. जुर्जानींनी निवडक आयतींवर केलं ते काम बाराव्या शतकात अझ्-झमख्शरी यांनी 'अल्-कश्शाफ' या भाष्यात संपूर्ण कुरआनवर करून दाखवलं, आणि गंमत अशी की ते मुअतझिला होते. म्हणजे अशअरी गुरूचं अवजार विरुद्ध पंथाच्या हाती सर्वांत तेजाने चाललं. त्यानंतर अस्-सक्काकी, अल्-कझवीनी आणि अत्-तफ्ताझानी यांनी या विचाराची नियमबद्ध पाठ्यपुस्तकं केली. तफ्ताझानी यांचं 'मुख्तसर अल्-मआनी' भारतातल्या मदरशांच्या दर्स-ए-निज़ामी अभ्यासक्रमात आजही शिकवलं जातं. घर आणि 'तू' यांच्या क्रमाचा नियम आपल्याच शहरांतली मुलं पाठ करत असतात, हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. नियम झाले तसा जुर्जानींचा प्रश्न विचारण्याचा ताजेपणा मात्र कमी होत गेला. तो परत आणण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात इजिप्तमध्ये झाला. मुहंमद अब्दुह यांनी जुर्जानींचे ग्रंथ शिकवायला आणि छापायला घेतले, आणि पुढे आइशा अब्दुर्रहमान या विदुषीने 'बिन्त अश्-शाती' या नावाने लिहिताना कुरआनमधल्या शब्दयोजनेचा नव्याने शोध घेतला.

याच काळात इजाझला एक वेगळंच वळण लागलं. कुरआनमध्ये आधुनिक विज्ञानाचे शोध आधीच सांगितले आहेत किंवा त्यात आकड्यांचं गूढ गणित आहे, असे दावे आज फिरत्या संदेशांतून सगळ्यांत जास्त पोहोचतात. जुर्जानींच्या परंपरेशी त्यांचा संबंध नाही. तिथे आव्हान भाषेचं होतं आणि उत्तरही भाषेतच शोधलं गेलं. त्या कामाची जागा हे दावे घेत आहेत, याचं मला वाईट वाटतं. विज्ञानाचे सिद्धांत बदलतात तेव्हा त्यांवर टेकवलेला युक्तिवादही कोसळतो. जुर्जानींनी इब्राहीमच्या प्रश्नाबद्दल जे सांगितलं ते हजार वर्षांनीही तपासून पाहता येतं.

अनुवादाच्या बाबतीत मुस्लिम परंपरा इतकी काटेकोर का आहे, हेही यातून समजतं. नमाजात पठण अरबीतच होतं आणि अनुवादाला कुरआन न म्हणता त्याच्या अर्थाचं विवरण मानलं जातं. निवड जर शब्दक्रमात, कर्त्याच्या जागेत आणि गाळलेल्या शब्दांत असेल, तर दुसऱ्या भाषेत सगळ्यांत आधी तीच हरवते. मराठीत कुरआनचे अनुवाद उपलब्ध आहेत आणि ते जरूर वाचावेत. वाचताना एकोणिसाव्या सूरेतली झकरियांची प्रार्थना काढा आणि त्या वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहा. केस पांढरे झाले, असं दिसलं तर आशय आपल्यापर्यंत पोहोचला आहे, बांधणी पोहोचलेली नाही. त्या अनुवादाच्या भरवशावर इजाझबद्दल निकाल देऊ नका, बाजूनेही नको आणि विरोधातही नको. अरबी जाणणारं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांच्याजवळ बसून महापुराची ती एक आयत शब्दशः समजून घ्या. अर्धा तास पुरेल.